बुडाशी डुगडुगणारा सिंगल लिव्हर मिक्सर : दुरुस्तीच्या नोंदी

३ जानेवारी २०२५ : पाहणी

पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. स्वयंपाकघरात ग्रॅनाइटच्या ओट्यावर स्टीलचं सिंक वरून बसवलेलं आहे. सिंकच्या मागच्या पट्टीत ३५ मिमीचं भोक आहे आणि त्यात गोल फिरणाऱ्या तोटीचा सिंगल लिव्हर मिक्सर, म्हणजे एकाच दांडीने गरम-थंड पाणी मिसळणारा नळ, उभा आहे. पाणी बोअरचं आणि महानगरपालिकेचं मिसळून येतं, त्यामुळे जिथे थेंब सुकतो तिथे खार बसतो. तक्रार दोन गोष्टींची आहे. नळ बुडाशी हलतो, आणि सिंकखालच्या ट्रॉलीत कधीकधी ओल दिसते. गेल्या वर्षी ‘पाइप गळतोय’ असं समजून खालचे दोन्ही ब्रेडेड पाइप बदलले होते, तरी ओल गेली नाही.

नळ हलतो म्हटलं की पाना घेऊन थेट खाली शिरायचं, ही सवय चुकीची आहे. सिंक मिक्सर तीन वेगवेगळ्या जागी हलू शकतो आणि वरून पाहताना तिन्ही सारखेच दिसतात. म्हणून आधी हाताने तपासलं. डाव्या हाताने नळाचं मधलं अंग घट्ट धरलं आणि उजव्या हाताने तोटीचं टोक वर-खाली केलं. सिंकमध्ये पट्टी उभी धरून मोजलं तर टोक २ मिमी हललं. हा ढिलेपणा तोटी जिथे अंगावर फिरते त्या कॉलरमधल्या ओरिंगांचा, म्हणजे रबरी कड्यांचा आहे, बुडाशी त्याचा संबंध नाही. मग अंग सोडून दिलं आणि पुन्हा टोक हलवलं. आता ते १० मिमी हललं. म्हणजे ८ मिमी बुडाचे.

आठ मिमी ऐकायला फार वाटतात. पण तोटीची पोच साधारण २०० मिमी आणि नळाच्या बुडाची थाळी ५० मिमी रुंद, म्हणजे थाळीची कड टोकाच्या एक चतुर्थांश उचलली जाते. प्रत्यक्षात कड सिंकपासून २ मिमी वर येत होती आणि ती फट टॉर्चच्या उजेडात दिसतही होती.

तिसरी जागा म्हणजे सिंकचा पत्रा. नळाशेजारी पट्टीवर अंगठ्याने दाबलं तर पत्रा किंचित दबतो आणि सोडला की वर येतो. हा पत्रा जेमतेम १ मिमीचा आहे आणि भोकाखालचा ग्रॅनाइट कापून काढलेला आहे, तेव्हा त्याला खालून आधार काहीच नाही. ही गोष्ट नोंदवून ठेवली. पहिल्या दिवशी तिला पुरेसं महत्त्व दिलं नाही, ते पुढे महागात पडलं.

थाळीभोवती पेन्सिलने बारीक रेघ मारली आणि तोटी चार-पाच वेळा जोरात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. थाळीवरची खूण रेघेपासून ३ मिमी सरकली. म्हणजे अंग फक्त डुलत नाही, भोकात फिरतंही आहे. भांडी घासताना तोटी दिवसातून पन्नास वेळा इकडून तिकडे जाते आणि प्रत्येक वेळी थोडंसं वळण खालच्या नटाला मिळतं.

ओलीसाठी दोन चाचण्या केल्या. ट्रॉलीतलं सगळं बाहेर काढलं, पाइप आणि नट फडक्याने कोरडे केले, खाली वर्तमानपत्र अंथरलं. पहिल्या चाचणीत नळ पाच मिनिटं सोडून ठेवला, पण वर थाळीभोवती पाण्याचा थेंब पडू दिला नाही. कागद कोरडा राहिला. दुसऱ्या चाचणीत नळ बंद ठेवला आणि पेल्याने थाळीभोवती पाणी ओतलं. मिनिटभरात पाइपावरून ओघळ उतरला आणि कागद भिजला. नळ बंद असताना खाली येणारं पाणी पाइपातलं असू शकत नाही. थाळीखालचं सील गेलं आहे. पाइप बदलून ओल का गेली नाही, याचं उत्तर इथे मिळालं. पाणी नेहमी पाइपावरून ओघळत उतरतं, म्हणून आळ पाइपावर येतो.

३ जानेवारी, दुपार : फक्त नट आवळून पाहिला

खाली फोनचा कॅमेरा घालून फोटो काढले. रचना नेहमीचीच आहे. नळाच्या बुडातून एक एम ८ स्टड, म्हणजे ८ मिमी जाडीची आटेदार सळई, खाली येतो. त्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराचं रबर, त्याखाली त्याच आकाराची लोखंडी पट्टी आणि शेवटी १३ मिमीचा पितळी नट. नालेचं उघडं तोंड असतं ते दोन पाइप मधून जावेत म्हणून. वरची थाळी आणि खालची नाल यांच्यामध्ये सिंकचा पत्रा चिमटला जातो. एवढ्या एका नटावर अख्खा नळ उभा असतो.

नट सैल झाला होता का रबर बसलं होतं, हे फोटोवरून कळतं. नट मागे आला असेल तर त्याच्या वरच्या बाजूला, नट आणि पट्टीच्या मध्ये, स्वच्छ चकाकणारे आटे दिसतात, कारण तिथे इतके दिवस नट होता आणि खार लागला नव्हता. इथे दोन-तीन आटे स्वच्छ होते, पण पट्टीही हाताने हलत होती आणि रबर एका बाजूने कागदासारखं पातळ झालं होतं. म्हणजे दोन्ही झालं होतं.

साधा पाना इथे चालत नाही. मागच्या भिंतीत आणि सिंकच्या पोटात जेमतेम हात जातो, पाना फिरवायला जागाच नाही. छोटा सॉकेटही उपयोगाचा नाही, कारण स्टड नटाखाली ४० मिमी लोंबतो आणि सॉकेटच्या तळाला टेकतो. लागतो तो नळीसारखा पोकळ लांब बॉक्स पाना. १३ मिमीचा घेतला, आरपार भोकात आडवी सळई घालून फिरवला. एम ८ च्या आट्याचं अंतर १.२५ मिमी असतं. नट दीड फेरा गेला, म्हणजे साधारण १.९ मिमी वर चढला, आणि नळ घट्ट झाला.

वरून हलवून पाहिलं, थाळी उठत नव्हती. वास्तविक पाण्याची चाचणी इथेच पुन्हा करायला हवी होती. ती केली नाही.

१० जानेवारी : पुन्हा ढिला

सात दिवसांत नळ परत हलायला लागला. टोकाशी बुडाचे ५ मिमी. पाणी ओतल्यावर ओघळही उतरतो, फक्त आता थोडा उशिरा.

असं का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण बहुतेक नळ याच चक्रात अडकतात. नट जागेवर धरून ठेवतं ते दाबलेल्या रबराचं परत ढकलणं. रबर ताजं असतं तोवर ते स्प्रिंगसारखं वागतं, नटावर सतत दाब ठेवतं, आणि त्या दाबामुळे आट्यांत घर्षण टिकतं. जुनं रबर दाबलं की दाबलेलंच राहतं. त्यावर नट आवळला तर त्या क्षणी घट्ट वाटतं, पण रबर आणखी थोडं बसतं, पत्रा थोडा लवतो, गंजलेल्या पट्टीचे पापुद्रे चुरतात, आणि दाब निघून जातो. दाब गेला की तोटीच्या प्रत्येक वळणाबरोबर नट थोडा थोडा मागे. दर आठवड्याला आवळत राहिलं तर एक दिवस स्टडचे आटे जातात, रबर मात्र काही परत फुगत नाही.

तेव्हा ठरलं की नळ बाहेर काढायचा. वरचं सील आणि खालची नाल दोन्ही बदलायची, आणि पत्र्याला खालून आधार द्यायचा.

११ जानेवारी : नळ काढला

गीझरचा स्विच बंद केला. दोन्ही अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून पाइपांत येणारं पाणी अडवणारे कॉक, बंद केले. थंड पाण्याचा सहज बसला, गरमचा अर्ध्यावर अडला. अडलेल्या अँगल कॉकला पाना लावून जोर करायचा नाही. स्पिंडल तुटला तर भिंतीत काम निघतं आणि अख्खा दिवस जातो. फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, मग लिव्हर मधोमध उचलून दोन्ही बाजूंचा दाब सोडला. थेंब थांबेपर्यंत वाट पाहिली.

पाइप नळाच्या बाजूने सोडले नाहीत. ते आधी अँगल कॉकच्या बाजूने सोडले, खाली टोप धरून, कारण पाइपात राहिलेलं पाणी निघतंच. गरम पाइपाला लाल चिकटपट्टी लावली. पाइप उलटे जोडले की लिव्हर उलटा चालतो आणि ते लक्षात येतं सगळं बसवून झाल्यावर.

नट काढताना अडचण आली. नट फिरत होता, पण खाली उतरत नव्हता. नट खाराने स्टडला चिकटला होता आणि स्टडच नळाच्या बुडातून सुटून येत होता. हे होऊ दिलं तरी नळ सुटतो, पण बुडातले पितळी आटे आधीच नाजूक असतात. स्टडच्या खालच्या टोकाला पेचकसाची खाच असते, त्यात पेचकस घालून स्टड थांबवला, बॉक्स पाना पोकळ असल्यामुळे त्याच्या आतून पेचकस जातो. गंज सोडवणारं तेल एक थेंब लावून वीस मिनिटं थांबलो. तेल रबराला लागू नये म्हणून खाली फडकं धरलं, तसंही ते रबर जाणारच होतं. मग नट उतरला.

पाइप एकेक करून भोकातून वर काढले. दोन्ही एकदम ओढले तर त्यांचे मोठे नट भोकात अडकतात.

नळाच्या थाळीभोवती पांढरी कडक कड होती. व्हाइट सिमेंट. कुणीतरी आधी ओल थांबवायला थापलं असणार. व्हाइट सिमेंट हे या कामाचं औषध नाही. हलणाऱ्या नळाभोवती ते आठवड्यात तडकतं आणि तडा गेल्यावर पाणी आत घेतं, पण बाहेर सोडत नाही. आतली पट्टी एवढी का गंजली, त्याचा अर्धा दोष या कडेचा आहे.

११ जानेवारी, संध्याकाळ : काढलेले भाग

थाळीखाली एक गोल खाच आहे आणि तिच्यात काळी ओरिंग बसते. काढलेली ओरिंग हातात घेतल्यावर ती गोल राहिलीच नाही. तिची वरची आणि खालची बाजू सपाट झाली होती, कापली तर आडवा छेद पोळपाटावर दाबलेल्या गोळीसारखा दिसतो. नखाने दाबली तर खूण पडते ती तशीच राहते. एका जागी चीर होती आणि त्या चिरेत खाराची पांढरी रेघ भरलेली होती. पाणी नेमकं तिथून उतरत होतं.

खालचं नालेचं रबर नवीन असताना साधारण ३ मिमीचं असतं. जाड बाजूला ते २.५ निघालं, पातळ बाजूला १.२. पट्टीची कड त्यात रुतून आरपार जायच्या बेतात होती. पट्टी स्वतः मधून वाकलेली, ताटलीसारखी. वाकलेली पट्टी दोन टोकांवर टेकते आणि मधून अधांतरी राहते, त्यामुळे नट कितीही आवळा, चिमटा सगळीकडून बसत नाही. हातोडीने सरळ करून परत लावायचा मोह होतो. गंजून पातळ झालेली पट्टी सरळ केली तर परत वाकायला तिला कमी जोर पुरतो, म्हणून नवीन आणायची.

स्टडचे आटे जुन्या दातांच्या ब्रशने घासले. शाबूत आहेत. पितळी नटही ठीक. ब्रेडेड पाइप वर्षभराचे आहेत, तारा गंजलेल्या किंवा तुटलेल्या नाहीत, तेच राहतील. नळ सोडलाच आहे म्हणून पाइपांच्या नळाकडच्या टोकांवरच्या बारीक ओरिंग पाहिल्या, मऊ आहेत.

१२ जानेवारी : ओरिंग निवडणं

दुकानात ‘सिंक मिक्सरची ओरिंग द्या’ म्हटलं तर दहा निघतात. जुनी ओरिंग नमुना म्हणून नेणं फसवं आहे, कारण ती चपटी होऊन रुंद झालेली असते आणि तिच्या मापाने नवीन घेतली तर जाड येते. माप खाचेचं घ्यायचं. व्हर्निअरने मोजलं. खाचेचा आतला व्यास ४१ मिमी, रुंदी ४ मिमी, खोली २.३ मिमी.

ओरिंग घेतली ४१ मिमी आतल्या व्यासाची आणि ३ मिमी जाडीची. खाचेत ठेवली की ती ०.७ मिमी बाहेर डोकावते. नळ आवळल्यावर तेवढंच दाबलं जातं, म्हणजे जाडीच्या तेवीस टक्के, आणि स्थिर सीलला एवढा दाब योग्य. रबर दाबलं तरी आकारमानाने कमी होत नाही, ते बाजूला पसरतं, म्हणून खाच ओरिंगपेक्षा मिलिमीटरभर रुंद असते. खाचेत खार उरला तर ती पसरायची जागाच भरते.

जाड ओरिंग घेतली तर जास्त चांगलं सील होईल, असं वाटतं. तसं होत नाही. ओरिंग ४ मिमीची घेतली तर थाळीची धातूची कड पत्र्याला टेकतच नाही, नळ फक्त रबरावर उभा राहतो. रबरावर उभा असलेला नळ कितीही आवळला तरी गादीवर उभ्या केलेल्या खुर्चीसारखा डुलतो. रबराचं काम पाणी अडवणं आणि धातूचं काम नळ ताठ ठेवणं. थाळी पत्र्याला टेकलीच पाहिजे.

नालेचं रबर आणि पट्टी जोडीने मिळाली. पट्टी स्टेनलेस घेतली. सोबत प्लास्टिकचा तिकोनी आधार घेतला. पातळ सिंकवर बसवायच्या बऱ्याच नळांच्या डब्यात हा तिकोन येतो, आणि बसवणारा ‘हे कशाला’ म्हणून कचऱ्यात टाकतो. तो पत्र्याच्या खालच्या बाजूला लागतो, त्याची एक कड सिंकच्या पोटाला आणि दुसरी मागच्या दुमडलेल्या काठाला टेकते, आणि मधला लवणारा पत्रा त्यांच्यामध्ये पूल बांधल्यासारखा उचलला जातो. इथे पोटापासून काठापर्यंत ९५ मिमी जागा भरली. तिकोन थोडा मोठा होता, हॅकसॉ पात्याने कोपरा ६ मिमी कापला. प्लायचा तुकडाही लोक वापरतात, पण ओल लागली की तो फुगतो, मग कुजतो, आणि नट परत सैल.

सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब. ओरिंगला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही. नळाच्या बऱ्याच ओरिंग ईपीडीएम रबराच्या असतात. हे रबर पाण्यात उत्तम टिकतं, पण तेलात फुगून मऊ पडतं.

१३ जानेवारी : बसवणी

सिंकच्या पट्टीवरचं उरलेलं व्हाइट सिमेंट लाकडी पट्टीने खरवडलं. थाळीखालची खाच व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने साफ केली, पाच-पाच मिनिटं तीनदा, मध्ये पाण्याने धुऊन. टोकदार पेचकसाने खरवडलं तर खाचेच्या तळाला ओरखडे पडतात आणि पाण्याला तीच वाट होते. बाथरूमचं ॲसिड क्रोमच्या जवळपासही नेऊ नये.

स्टड बुडात हाताने पूर्ण आत चढवला, मग पेचकसाने जरासा टाइट केला. अर्धवट चढलेला स्टड तीन-चार आट्यांवर सगळा भार घेतो आणि नट आवळताना ते आटे सोलून बाहेर येतो. ओरिंगला ग्रीसचा पातळ हात फिरवून खाचेत बसवली. ग्रीसमुळे नळ उलटा केला तरी ती खाली पडत नाही, हा वेगळा फायदा.

खालून वर असा क्रम नीट डोक्यात ठेवला. नट, पट्टी, रबर, तिकोन, पत्रा, ओरिंग, नळ. रबर पत्र्याला लावून मग तिकोन, असं उलटं झालं तर तिकोन मऊ रबरावर तरंगतो आणि त्याचा उपयोग संपतो.

एक जण वर, एक खाली. एकट्याने करता येतं, पण नट शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात आला की अख्खा नळ नटाबरोबर फिरायला लागतो आणि तोटी भिंतीकडे तोंड करते. वरच्याने अंग धरलं, तोटी सिंकच्या मधोमध आणि लिव्हर समोर. नालेचं तोंड पाइपांकडे आणि बंद बाजू स्टडकडे, पट्टीची दोन्ही टोकं भोकाच्या पलीकडे तिकोनावर टेकलेली. स्टड भोकाच्या मध्यावर नसतो, एका बाजूला असतो, म्हणून पट्टी तिरकी बसली तर नळ एकाच बाजूने ओढला जातो.

नट हाताने जाईल तेवढा. मग बॉक्स पान्याने अर्धा फेरा. वरच्याला विचारलं तर थाळीची मागची कड अजून टेकली नव्हती. पाव फेरा आणखी. कागदाची पट्टी थाळीच्या कडेखाली सारून पाहिली, पुढून गेली नाही, बाजूंनी गेली नाही, मागून पण गेली नाही. इथे थांबलो. हाताने घट्ट झाल्यानंतर एकूण पाऊण फेरा, म्हणजे जवळपास ०.९ मिमी. ओरिंगचे ०.७ आणि उरलेलं नालेच्या रबराचं, हिशेब जुळतो. यापुढे पान्याला जोर लावला तर पत्रा खळग्यासारखा आत ओढला जातो. हाच नळ चिनी मातीच्या बेसिनवर असता तर कागद अडला की लगेच हात काढला असता. तिथे जास्तीच्या पाव फेऱ्याची किंमत नवीन बेसिन.

स्टड पुरेसा लांब होता म्हणून खालून दुसरा एम ८ नट, म्हणजे जॅम नट, चढवला आणि पहिल्या नटावर आवळला. तोटीच्या वळणाने एक नट सरकेलही, दोन एकमेकांवर अडकलेले सरकत नाहीत.

पाइप ओरिंग पाहण्यापुरते नळाकडून सोडून परत लावले होते, ते हाताने पिळून तपासले. ते फक्त हातानेच आवळायचे असतात, पाना नाही आणि टेफ्लॉन टेप तर अजिबात नाही, कारण तिथे सील ओरिंग करते आणि टेप तिला जागेवरून हलवते. दोन पाइपांच्या पितळी शेपट्या मुद्दाम लांब-आखूड असतात, म्हणजे त्यांच्या षटकोनी कडा एकमेकांना आडव्या येत नाहीत. अँगल कॉकच्या बाजूला सपाट वॉशर असतो, तिथेही टेप लागत नाही. हाताने घट्ट आणि पान्याने पाव फेरा.

पाणी सोडण्याआधी तोटीच्या टोकाची जाळी काढली. मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडला, पहिली दोन मिनिटं पाणी बेधडक जाऊ दिलं. गंजाचे काळे कण आणि खाराच्या कपच्या निघाल्या. जाळी लावलेली असती तर त्या तिच्यातच अडकल्या असत्या आणि उद्या ‘पाण्याला फोर्स नाही’ अशी नवी तक्रार आली असती.

चाचण्या त्याच क्रमाने, ३ जानेवारीसारख्याच. नळ चालू, थाळी कोरडी, पाच मिनिटं: कागद कोरडा. नळ बंद, थाळीभोवती तीन पेले पाणी, पंधरा मिनिटं: कागद कोरडा. गीझर तापवून गरम पाणी पाच मिनिटं सोडलं, पाइपांच्या जोडांवरून कोरडं बोट फिरवलं: कोरडे. टोकाशी हालचाल २ मिमी, आणि ती सगळी तोटीच्या कॉलरमधली. नवी पेन्सिलची रेघ मारली.

१४ जानेवारी : दुसऱ्या दिवशीचं आवळणं

नवं रबर पहिल्या दिवसात थोडं बसतं, म्हणून चोवीस तासांनी परत पाना लावायचाच. खालचा जॅम नट सैल केला, मुख्य नट आवळून पाहिला. जेमतेम एक अष्टमांश फेरा गेला. जॅम नट परत. एक अष्टमांश म्हणजे ठीक. दोन-तीन फेरे गेले असते तर रबर नाही, पट्टी किंवा तिकोन सरकतोय असं समजून परत उघडावं लागलं असतं.

थाळीभोवती सिलिकॉन लावायचं का, असं विचारलं गेलं. नाही लावलं. सील नीट बसलं असेल तर त्याची गरज नाही, आणि पुढे सील गेलं तर सिलिकॉन ती गळती लपवते. ज्यांना कडेला मळ साचतो म्हणून हवं असेल त्यांनी पुढच्या तीन बाजूंना लावावं आणि मागची बोटभर जागा उघडी ठेवावी, म्हणजे आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते.

२ फेब्रुवारी

रेघ जागेवर. ट्रॉलीतला कागद कोरडा. पत्र्यावर अंगठ्याने दाबलं तर दबत नाही. टोकाशी २ मिमी.

१९ एप्रिल

रेघ पुसली गेली होती, पण थाळीच्या कडेला खाराची बारीक रेघ जमली आहे आणि ती अखंड आहे. नळ हलला असता तर ती तुटली असती. खालून पाहिलं, दोन्ही नट जागेवर, पट्टीवर गंजाचा डाग नाही.

तोटीचे २ मिमी आता ३ झाले आहेत आणि नळ पूर्ण सोडला की कॉलरच्या खालच्या कडेला दमट कडं दिसतं. कॉलरमधल्या दोन ओरिंग पुढच्या खेपेला बदलायच्या. त्यासाठी नळ काढावा लागत नाही. लिव्हर आणि वरची टोपी उतरवली की तोटी वर उचलून येते. मापं तोटी काढल्यावर खाचेवरून घ्यायची.